अनोळखी माणसाला व्हॉइस नोट पाठवू नका

छोट्या वर्कशॉपच्या मालकांना सध्या सल्ला मिळतो की नवीन गिऱ्हाइकाला थेट व्हॉइस नोट टाका, आपलेपणा वाटतो. मला हे अजिबात पटत नाही. परचेस मॅनेजर मीटिंगमध्ये असतो किंवा शॉप फ्लोअरवर मशीनच्या आवाजात. लिहिलेला मेसेज तो दोन सेकंदांत चाळतो. आवाज ऐकायला त्याला कोपरा शोधावा लागतो, आणि नंबर अनोळखी असेल तर तो कशाला शोधेल?

ओळखीचा धागा असला की मात्र चित्र बदलतं. समजा, भोसरीत तुमचं सीएनसी टर्निंगचं काम आहे आणि मोशीच्या प्रदर्शनात तुम्ही एका कंपनीच्या साहेबांशी बोललात. चार दिवसांनी त्यांना तुमचं व्हिजिटिंग कार्ड आठवणार नाही, पण बोलणं आठवेल. तेव्हा असं बोला:

"नमस्कार सर, मी भोसरीहून बोलतोय. मोशीला तुमच्या स्टॉलवर आपण भेटलो होतो. बुशच्या बोअरचं माप लॉटमागून लॉट बदलतंय, असं तुम्ही म्हणाला होतात. बुशचं काम आम्ही नियमित करतो. ड्रॉइंग पाठवलंत तर पाच नग सॅम्पल म्हणून करून देतो. पाठवाल का?"

सावकाश बोललं तरी हे अर्ध्या मिनिटात होतं. यात कंपनीचा इतिहास, मशीनची यादी आणि दर नाहीत, आणि लांबी वाढते ती नेमकी यांच्यामुळेच. दर, मापं, तारखा लिहूनच पाठवा. आवाजातले आकडे पुन्हा शोधता येत नाहीत. नोटच्या आधी एक ओळ टाईप करा: "मोशीला बुशबद्दल बोललो होतो, अर्ध्या मिनिटाची नोट आहे." म्हणजे ऐकायचं की नाही, हे त्यांना ठरवता येतं.

लिंक्डइनवर व्हॉइस मेसेज एक मिनिटाचाच होतो. व्हॉट्सॲपवर अशी अडवणूक नाही, म्हणून तिथे पसरट बोलणं होतं. माझा आग्रह असा की आधी साठ-सत्तर शब्द कागदावर लिहा, एकदा मोठ्याने वाचा, मग कागद बाजूला ठेवून बोला. वाचून दाखवलेलं लगेच कळतं. शेवटी प्रश्न एकच ठेवा. "ड्रॉइंग पाठवा, भेटायला येऊ का, कॅटलॉग बघा" असं तिन्ही एकदम मागितलं की उत्तर एकाचंही येत नाही.

व्हिडिओ तेव्हाच, जेव्हा काही दाखवायचं असेल. स्वतःचा चेहरा दोन सेकंद पुरे, नंतर कॅमेरा बुशवर आणि बोअर गेजच्या काट्यावर न्या. दुसऱ्या गिऱ्हाइकाचा पार्ट किंवा ड्रॉइंग मागे दिसत नाही ना, हे पाठवण्याआधी नीट बघा. ते दिसलं तर समोरचा लगेच समजतो की उद्या त्याचं ड्रॉइंगही असंच फिरेल.

व्हॉट्सॲपवर नोट ऐकली गेली की माइकचं चिन्ह निळं होतं. दोन-तीन दिवसांत झालं नाही, तर दुसरी नोट टाकू नका. तोच मजकूर दोन ओळींत लिहून पाठवा.