अर्धा-अर्धा खर्च : वरपक्षासाठी काही मोलाच्या सूचना

बैठकीत पोहे संपून चहा आला की मुलाच्या काकांनी घसा खाकरायचा आणि एकच वाक्य टाकायचं : "आमची काही अपेक्षा नाही हो. लग्नाचा खर्च सगळा अर्धा-अर्धा." परवाच एका बैठकीत हे वाक्य ऐकलं. त्यावर मुलीच्या वडिलांनी अक्षरशः हात जोडले. केवढी मोठ्या मनाची माणसं! 1961च्या कायद्याने हुंडा मागणं हासुद्धा गुन्हा आहे, पण तुम्ही मागताय कुठे? तुम्ही तर उलट अर्धा खर्च देताय. ही विद्या ज्या वरपक्षांना अजून अवगत नाही, त्यांच्यासाठी या काही सूचना.

पहिली सूचना क्रमाची. 'अर्धा-अर्धा' आधी ठरवायचं, माणसांचा आकडा नंतर सांगायचा. कोणी आधीच विचारलं तर "आमचा गोतावळा जरा मोठा आहे" एवढंच म्हणून सुपारी फोडायला घ्यायची. एकदा सुपारी फुटली की आकड्यावरून मागे फिरणं मुलीकडच्यांना जड जातं. मग पत्रिका छापायला देताना सहज सांगायचं, "आमची साडेचारशे होतील." त्यांची दीडशे असतात. ते काही बोलत नाहीत, कारण खर्च अर्धा-अर्धा ठरलाय ना!

आता जेवणाचं बघा. एकूण सहाशे पानं, 400 रुपये ताट, म्हणजे 2,40,000 रुपये. अर्धे केले की दोघांना 1,20,000. किती सोपं! पण दीडशे माणसांचं जेवण 60,000 रुपयांना होतं, आणि मुलीचा बाप 1,20,000 देतोय. म्हणजे तुमच्या साडेचारशेपैकी दीडशे माणसं त्याच्या पैशाने जेवून, विडा खाऊन, "मठ्ठा जरा आंबट होता" म्हणून घरी गेली. हे कुणाच्याही लक्षात येत नाही, कारण वहीत दोन्हीकडे सारखाच आकडा दिसतो.

मुलाच्या मित्रांना मोजू नका. ते घरचेच.

बँडवाले, घोडेवाला, गाड्यांचे ड्रायव्हर यांनाही मोजू नका, पण जेवायला मात्र बसवा. केटररच्या बिलात ती तीस-चाळीस ताटं 'इतर' म्हणून येतात, आणि 'इतर' तर दोघांचेच असतात.

कार्यालयाच्या बाबतीत एक खुबी ध्यानात ठेवा. भाडं माणशी नसतं, त्यामुळे "हे तरी अर्धं करावंच लागेल" असं म्हणता येतं आणि ते खरंही वाटतं. तीनशे माणसांचं कार्यालय 80,000ला मिळत होतं. साडेचारशे तुमचीच आल्यामुळे सहाशेचं घ्यावं लागलं, त्याचे 1,40,000. वरचे 60,000 कुणामुळे वाढले, हा प्रश्न विचारण्याइतकं उद्धट मुलीकडचं कोणी नसतं. एखादा भाचा विचारू पाहतो, पण त्याची आई त्याला चिमटा काढते.

सीमांतपूजनाला आदल्या संध्याकाळी भरपूर माणसं न्या. गाडी केलीच आहे तर रिकामी कशाला न्यायची? तुमची एकशेवीस, त्यांची साठ. रात्रीचं जेवण 300 रुपये ताट, एकूण 54,000. आणि हो, अर्धा-अर्धा.

वरातीबद्दल मात्र थोडं सविस्तर बोलायला हवं. मुलीकडच्यांच्यात घोडा नसतो, त्यांच्यात वर मोटारीतून उतरतो आणि मुहूर्तावर पाटावर उभा राहतो. तुमच्यात वरात असते. असू दे, हौस आहे, प्रथा आहे. पण मग 40,000 रुपयांची घोडा, बँड आणि आतषबाजी 'लग्नाचा खर्च' या एकाच रकान्यात कशी काय जाऊन बसते? बरं, बसली तर बसली. वरात कार्यालयापासून दोनशे मीटरवर दीड तास नाचते. बारा सदतीसचा मुहूर्त दोनला लागतो. भटजी घड्याळ बघतात, आचारी तिसऱ्यांदा पुऱ्यांचं तेल तापवतो, आणि म्हातारी माणसं हातात अक्षता धरून घामाघूम होतात. कार्यालय पाचला रिकामं करायचं असतं, नाहीतर संध्याकाळचं दुसरं कार्य अडतं आणि व्यवस्थापक जादा तासांचे पैसे लावतो. ते पैसे, डिपॉझिटमधून कापलेले, कुणाच्या नावावर पडतात? डिपॉझिट तर मुलीच्या बापाने भरलेलं असतं. म्हणजे तो नाचलाही नाही, नाचणाऱ्यांना फेटेही त्यानेच बांधले, आणि नाचाला जो वेळ गेला त्याचं भाडंही त्यानेच भरलं! आणि वर तुमचा मेव्हणा त्यालाच विचारतो, "जेवणं उशिरा का लागली?"

असो. शांतपणे पुढे जाऊ.

आहेराची पाकिटं मात्र अर्धी-अर्धी करू नयेत. जी माणसं ज्याची, पाकिटं त्याची. इथे साडेचारशे आणि दीडशेचा फरक अगदी चोख पाळायचा असतो.

साखरपुडा मुलीकडेच करायचा. ती रीतच आहे, तो 'अर्ध्या'त येत नाही. दोनशे माणसं, हॉल, जेवण, अंगठी, केक, शिवाय फोटोवाल्याचा ड्रोन. पूर्वी त्यात एक साखरेचा पुडा असायचा म्हणतात.

केटररला आकडा कळवायची वेळ आली की तुमचा आकडा तुम्ही सांगू नका, "तुम्हीच सांगा अंदाजे" म्हणा. केटरर आठवडाभर आधी हमीचा आकडा घेतो आणि हमी किंवा प्रत्यक्ष ताटं, यातलं जे जास्त त्याचं बिल करतो. तुमची साडेचारशेऐवजी तीनशेच आली तर न जेवलेल्या दीडशे ताटांचे 60,000 अर्धे-अर्धे. सव्वापाचशे आली तर जादाची पंचाहत्तर ताटं, म्हणजे 30,000, तीही अर्धी-अर्धी. अशा प्रकारे तुमचा अंदाज कितीही चुकला, तरी चुकीचा अर्धा भार वाटून घेणारा माणूस तुम्हाला मिळालेला असतो. कन्यादान म्हणतात ते हेच असावं.

हे वाचून मुलीकडचा एखादा हुशार माणूस "मग सगळाच खर्च एकास तीन करू" असं म्हणेल. तेही चूक आहे, आणि ते सांगायला तुम्हाला मनापासून आवडेल. भटजी मंगलाष्टका एकदाच म्हणतात, सहाशे वेळा नाही. सनई, स्टेज, सजावट, होमाचं साहित्य हे माणसं वाढली म्हणून वाढत नाही. तिथे अर्धा-अर्धाच बरोबर. तेवढ्याच ठिकाणी बरोबर!

कारण हे काही अवघड गणित नाही, हो. चौथीतला पोरगा मांडेल. बैठकीत एक कोरा कागद घ्या आणि चार रकाने करा. जे माणशी लागतं, म्हणजे जेवण, नाश्ता, आदल्या रात्रीचं पान, ते ज्याची माणसं त्याने द्यायचं. दोन्हीकडून बोलावलेली, एकाच गावची किंवा एकाच ऑफिसातली माणसं निम्मी-निम्मी धरायची. जे दोघांचं मिळून एकच लागतं ते निम्मं. जे मोठ्या संख्येमुळे फुगतं, म्हणजे कार्यालय, त्यात दोघांची माणसं सारखी असती तर जेवढं लागलं असतं तेवढं निम्मं, आणि वरचं सगळं ज्याची गर्दी त्याचं. आणि जी हौस किंवा प्रथा एकाच घराची, ती त्या घराची : वरात तुमची, तिच्यामुळे लागलेले जादा तास तुमचे, बँडवाल्यांची ताटं तुमची. त्यांच्या घरी मामाने मामीसह पन्नास जणांना साड्या द्यायची पद्धत असेल तर त्या साड्या त्यांच्या.

वरचंच लग्न या कागदावर मांडा. जेवणाचे मुलीकडे 60,000, तुमच्याकडे 1,80,000. कार्यालयाचे त्यांचे 40,000, तुमचे 1,00,000. आदल्या रात्रीचे त्यांचे 18,000, तुमचे 36,000. सजावट, सनई, भटजी आणि साहित्य मिळून 80,000, दोघांचे चाळीस-चाळीस. वरातीचे 40,000 तुमचे. त्यांचे झाले 1,58,000 आणि तुमचे 3,96,000. अर्ध्या-अर्ध्याच्या उदार पद्धतीने दोघांचे 2,77,000 झाले असते. मधला फरक 1,19,000 रुपये. हा तुमच्या 'काही अपेक्षा नाही'चा भाव.

ताटांचा वाद होऊ नये म्हणून दोन्हीकडचा एकेक माणूस केटररच्या मॅनेजरसोबत उभा करा. पहिली पंगत किंवा बुफे सुरू होण्याआधी ताटांच्या थप्प्या मोजा, आणि धुतलेली ताटं शेवटपर्यंत वेगळ्या टेबलावर ठेवायला सांगा. ती परत थप्पीत मिसळली की मोजणी संपली, मग मॅनेजर म्हणेल तो आकडा. तरी थप्पीतून एकूणच कळतं, कुणाची किती हे कळत नाही. त्यासाठी दारात गुलाबपाण्याजवळ दोन रंगांची कुपनं द्या. "पाहुण्यांना कुपन देणं बरं दिसत नाही" म्हणाल. व्याह्याच्या पैशाने आपली दीडशे माणसं जेवू घालणं बरं दिसतं का?

आणि संख्या मुलीकडची जास्त असेल तर हाच कागद उलटा वाचा. त्यांनी भरायचं. आम्ही कुणाच्या बाजूचे नाही, पण गेल्या कित्येक लग्नांत फुगलेला आकडा कुठून येतो ते दिसतंय, डोळे फुटलेले नाहीत.

अहो, तुम्हाला साडेचारशे माणसं बोलवायची आहेत ना? बोलवा. गावजेवण घाला. पण स्वतःच्या पैशाने घाला. तुमचे भाऊबंद, तुमचे मतदार, तुमच्या सोसायटीतले जिन्यात भेटणारे लोक यांना लाडू वाढायचं काम त्या माणसाचं नाही, ज्याने फक्त आपली मुलगी तुमच्या मुलाला दिली. निदान आकडा आधी सांगण्याचा तरी प्रामाणिकपणा बाळगा. सुपारी फोडायच्या आधी, पोहे खाता खाता, सगळ्यांसमोर.

आणि ज्यांचं लग्न गेल्या हंगामात अर्ध्या-अर्ध्यात उरकलंय, त्यांनी आज रात्री वही उघडावी, वरचे चार रकाने मांडावेत आणि फरक व्याह्यांच्या खात्यावर पाठवावा. दिवाळीचा मान म्हणून नव्हे, हिशेब म्हणून.