मुलगा चांगलाच होता, पण...

गेल्या वर्षी एका स्थळाला नकार देताना मी आईशी खोटं बोलले. मुलगा सरळ, नोकरी चांगली, पत्रिकेत 36 पैकी 27 गुण. दोनदा भेटलो, गप्पाही बऱ्या झाल्या. पण दोन्ही वेळा निघताना पुन्हा भेटावंसं काही वाटलं नाही. हे आईला कसं सांगायचं? मग म्हटलं, "त्याला बंगळुरूला जायचंय, मला पुणं सोडायचं नाही."

आईने मावशीला फोन केला, मावशीने मुलाच्या आईला. तिसऱ्या दिवशी निरोप आला, मुलगा पुण्यातच राहायला तयार आहे!

आता काय बोलणार? शेवटी खरं सांगावं लागलं, आणि तोवर दोन्ही घरं आशेवर होती. आईला नकारापेक्षा जास्त लागलं ते मावशीसमोर तोंडघशी पडणं. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की आईवडिलांना सबब सांगू नये. सबबीवर तोडगा निघतो. पगार वाढतो, बदली होते, घर वेगळं घेता येतं. ते बिचारे तोडगा काढत बसतात आणि आपण नवी सबब शोधत.

खरं सांगतानाही शब्द अडतो. 'आकर्षण' म्हटलं की आपल्या घरात सगळे टीव्हीचा आवाज वाढवतात. 'आवडला नाही' म्हटलं तर आई लगेच विचारते, "का, दिसायला काय वाईट आहे?" आणि चर्चा त्याच्या उंचीवर, केसांवर घसरते. ते त्याच्यावरही अन्यायाचंच.

या दिवाळीनंतर दुसरं स्थळ आलं. यावेळीही दोनदा भेटले, कारण पहिल्या भेटीत दोघंही परीक्षेला बसल्यासारखे असतो. दुसऱ्या भेटीनंतर त्याच रात्री, तिकडून होकार यायच्या आत, आईबाबांना एकत्र बसवून म्हटलं, "तुम्ही शोधलेलं स्थळ चांगलं आहे, त्याच्यात खोट काही नाही. पण मला त्याच्याबद्दल ओढ वाटत नाही. नवरा म्हणून त्याच्याजवळ बसावंसं वाटत नाही. हा माझा नकार आहे, विचार करते असं मी म्हणत नाहीये."

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं. 'बघू' म्हटलं की आपल्याकडे त्याचा अर्थ अर्धा होकार.

आई म्हणालीच, "ओढ लग्नानंतर लागते. आम्ही कुठे दहा वेळा भेटलो होतो?" मी वाद घातला नाही. तिचं तिच्यापुरतं खरं असेलही. एवढंच म्हटलं, "तुला लागली असेल गं, पण मला त्या भरवशावर होकार देता येणार नाही." बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तिकडे काय कळवायचं?"

तिकडे 'योग दिसत नाही' एवढंच. परक्या घरी हे चालतं, त्यात कुणाचा अपमान नाही. आईने लगेच मावशीला फोन लावला, "अगं, योग दिसत नाही," आणि पुढची पंधरा मिनिटं दोघी चिवड्याबद्दल बोलत होत्या.