सत्काराला ना नाही, पण भाषणात ताई कुठे होत्या?

«तुमचा लेख पटला नाही. आमच्या कार्यालयात सहकाऱ्यानं नोकरी करत पदवी घेतली, आम्ही शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, साहेब बोलले, पेढे वाटले. यात चुकलं काय? अभिनंदनसुद्धा मोजूनमापून करायचं असेल तर माणसानं मन मोकळं करायचं कधी?» (एक वाचक, लातूर)

सर, स्पष्ट लिहिलंत, बरं वाटलं. सत्काराच्या भाषणात त्या माणसाचं स्वतःचं काही दिसायला हवं, असं मी त्या लेखात म्हटलं होतं. शाल, श्रीफळ, पेढे, सगळं हवंच. माझा आक्षेप आहे तो कुणालाही चालेल अशा भाषणाला. मूळ लेखात आमच्या ताईंचा ओझरता उल्लेख होता, तो आता नीट सांगतो. त्यांना विचारूनच लिहितोय.

ताई आमच्या पंचायत समितीत परिचर आहेत. पती गेल्यावर अनुकंपावर लागल्या. शाळा मध्येच सुटलेली, म्हणून आधी मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम केला, मग बी.ए. मुक्त विद्यापीठात रोज कॉलेजला जावं लागत नाही, पण रोज समजावून सांगणारंही कुणी नसतं. पुस्तकं घरी, अडलं तर सुट्टीच्या दिवशी अभ्यासकेंद्र गाठायचं. त्यात ताईंची परीक्षा मे महिन्यात आणि आमच्याकडे फेब्रुवारीपासूनच मार्च एंडची धांदल. रात्रीचे नऊ वाजले तरी बिलं निघत असतात आणि कुलूप ताईंनी लावायचं असतं, त्यामुळे शेवटचा माणूस उठेपर्यंत त्या थांबणार. अभ्यासाचे नेमके महिने तिथंच जातात.

आता सत्काराचं भाषण. साहेब मनापासून बोलले, शंकाच नाही. पण बोलले काय, तर "घर-नोकरी सांभाळून, या वयात! ताई करू शकतात तर तुम्हाला काय धाड भरली? आता ताई लवकरच क्लार्क होणार!" यातलं पहिलं वाक्य कुणाच्याही सत्काराला चालेल. दुसऱ्यानं ताईंचं कौतुक बाजूला पडलं आणि बाकीच्यांना टोमणा बसला. ज्या पोरांनी वर्षभर ताईंची सुट्टी निघावी म्हणून कामं वाटून घेतली, तीच मान खाली घालून बसली. तिसरं तर जपूनच बोलायला हवं होतं. परिचरातून लिपिक व्हायचं तर टंकलेखनाचं प्रमाणपत्र लागतं, मराठीचं मिनिटाला ३० शब्दांचं, शिवाय जागा रिकामी हवी आणि ज्येष्ठता यादीत नंबर यायला हवा. नुसत्या बी.ए.नं ते होत नाही. पुढचे कितीतरी महिने येणारा-जाणारा विचारत राहिला, "ताई, ऑर्डर निघाली का?" मिळालेल्या पदवीचा आनंद राहिला बाजूला, न मिळालेल्या बढतीचीच चौकशी.

त्याच दिवशी आवक-जावकच्या मॅडम चहाला ताईंजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "मार्चमधी रात्री सगळे बिलाच्या मागं असायचे अन् तुम्ही टपालाच्या टेबलावर वही काढून लिहीत बसायच्या. मी बघायचे. पास झालात, लई भारी वाटलं." ताई उठल्या आणि कपाटातून ती वही घेऊन आल्या. जुन्या रजिस्टरची कोरी पानं शिवून केलेली, इतिहासाची उत्तरं दोन-दोनदा लिहिलेली, खोडलेल्या ओळीवर पुन्हा तीच ओळ. आम्ही सगळ्यांनी ती वही हातात घेऊन पाहिली. सर, याला मी मन मोकळं करणं म्हणतो. मॅडमनी काही मोजलंमापलं नव्हतं, डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं, एवढंच.

एक पथ्य मात्र पाळावं. ताईंचा इंग्रजीचा पेपर एकदा राहिला होता, हे त्यांनी मला एकट्याला सांगितलं होतं. पुन्हा बसून तो काढला, ही माझ्या मते त्यांची सगळ्यात मोठी गोष्ट. तरी सत्कारात मी ती काढली नाही, ताईंना दिलेल्या चिठ्ठीत लिहिली. सगळ्यांनी पाहिलेलं चारचौघात बोलावं, विश्वासानं सांगितलेलं फक्त त्यांच्याशी बोलावं. (आज इथं लिहितोय ते त्याच म्हणाल्या म्हणून, "लिहा, नापास झालेल्याला बळ येईल.")

आणि अभिनंदन निकालाच्या दिवशीच करावं. बऱ्याच ठिकाणी "पदवीचं प्रमाणपत्र येऊ द्या, मग कार्यक्रम घेऊ" म्हणतात. ते पदवीप्रदान समारंभानंतर येतं, तोवर महिने जातात. एवढे दिवस कुणी काहीच बोललं नाही तर माणसाला वाटतं, कुणाला पत्ताच नाही.

तुमचा कार्यक्रम होऊन गेलाय, तो छानच झाला असेल. पण तुमचं कार्यालय सरकारी असेल तर एक काम अजून करता येईल. त्या सहकाऱ्याच्या सेवापुस्तकात पदवीची नोंद झाली का, ते आस्थापनेच्या टेबलावर विचारा. अर्ज, गुणपत्रक आणि प्रमाणपत्राची प्रत दिल्याशिवाय ती आपोआप होत नाही, आणि माणूस स्वतःहून मागायला लाजतो. शिक्षणासाठी आधी परवानगी घेतली असेल तर त्या पत्राची प्रतही जोडा. ताईंचा अर्ज आम्ही चहा पिता पिताच लिहिला, मॅडमनी लगेच आवक क्रमांक टाकला.