‘स्ट्राँग’ फ्लोरोसन्सचा हिरा नकली नसतो

“सर्टिफिकेटवर फ्लोरोसन्स ‘स्ट्राँग’ असेल तर हिरा नकली, आणि गर्डल जाड असेल तर हिरा भरीव, चांगला. खरं का?”

बेळगाव-निपाणीकडे लग्नसराईत फिरणाऱ्या या मेसेजमधलं काहीच खरं नाही. फ्लोरोसन्स म्हणजे अतिनील प्रकाशात चमकणं; काही अस्सल हिरेही असे निळे चमकतात. डी ते एच, म्हणजे रंगहीन किंवा जवळजवळ रंगहीन प्रतींत स्ट्राँग फ्लोरोसन्स असला की भाव उतरतो, कारण मोजके खडे दुधाळ दिसतात. दुकानाबाहेर उन्हात धरून बघा. दुधाळ नसेल तर तो स्वस्तात मिळालेला चांगला हिराच.

खरी फसगत गर्डलमध्ये, म्हणजे हिऱ्याच्या कडेत होते. १ कॅरेटचा गोल हिरा साधारण ६.४ मिलिमीटर भरतो. कड ‘व्हेरी थिक’ असली की वजन तिथे दडतं आणि खडा ६.१ वर येतो. पैसे पूर्ण कॅरेटचे, दिसतो मात्र ८५ सेंटचा, म्हणजे ०.८५ कॅरेटचा! म्हणून सर्टिफिकेटवरचं माप आधी वाचा. अगदी पातळ कडही नको, जडवताना टवका उडतो.