फोटोवरून सोनं पारखण्याची सोपी रीत

सोनं घ्यायला पेढीवर जाणं आता मागासलेपणाचं समजलं जातं. तिथे गादीवर बसावं लागतं, चहा प्यावा लागतो, आणि मुख्य म्हणजे दागिना हातात घेऊन उलटा करून बघावा लागतो. एवढा वेळ कुणाला आहे? त्यापेक्षा स्टेटसवरचा फोटो बघा, पैसे पाठवा, आणि मग तोच फोटो घरातल्या 'सोन्यातलं कळणाऱ्या' माणसाला पाठवून द्या. 'हॉलमार्क आहे ना भाऊजी? बघा बरं.' हे वाक्य पैसे पाठवल्यानंतरच लिहायचं असतं. आधी विचारलं तर त्यात मजा नाही.

फोटो कसा काढावा? रात्री, ट्यूबलाइटखाली, हात थरथरत असताना. शिक्क्यावर बरोबर चकाकी आली पाहिजे. सेल्फीच्या कॅमेऱ्याने काढलात तर अक्षरं उलटी येऊ शकतात, समोरच्याला आरसा घेऊन बसता येतं. 8 आहे की B हे त्याने अंतर्ज्ञानाने ओळखावं.

शिक्क्यात ९१६ दिसलं की समाधान मानावं. पुढे वाचू नये. ९१६ म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोनं, म्हणजे २२ कॅरेट, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण हा आकडा ठोकायचा ठसा कुठल्याही कारागिराच्या पेटीत असू शकतो, ही कटकट डोक्यात आणू नये. नुसता आकडा म्हणजे सराफाने स्वतःच स्वतःला दिलेलं प्रमाणपत्र. शेजारी बीआयएस या सरकारी मानक संस्थेची तिकोनी खूण नसेल तर दुसऱ्या कुणी तो डाग, म्हणजे दागिना, तपासल्याचं त्यावरून काहीच कळत नाही.

'९१६ केडीएम' असेल तर मग काय, पेढेच वाटा. केडीएम ही शुद्धतेची पदवी नव्हे, ती कॅडमियम घालून केलेल्या डाकाची, म्हणजे झाळकामाची, गोष्ट आहे. त्या धुराने कारागिराची फुप्फुसं खराब होतात म्हणून तो प्रकार मागे पडला. पण ऐकायला किती भारदस्त वाटतं!

आता सहा अक्षरांचा तो नंबर. याच्याकडे तर मुळीच लक्ष देऊ नका. १ जुलै २०२१ पासून हॉलमार्कमध्ये तीनच खुणा असतात: बीआयएसची तिकोनी खूण, 22K916 सारखी शुद्धता, आणि एचयूआयडी, म्हणजे आकडे व अक्षरं मिसळलेला, प्रत्येक दागिन्याचा वेगळा असा सहा घरांचा नंबर. आधी चार खुणा असायच्या. तपासणी केंद्राची आणि सराफाची खूण दागिन्यावरच दिसायची, त्यामुळे कुणी तपासलं आणि कुणी विकलं हे भिंगाखाली तरी कळायचं. आता ती दोन्ही नावं त्या नंबरामागे गेली आहेत. म्हणजे फोटोत तीन सुबक खुणा असल्या तरी हा डाग कुणी प्रमाणित केला, हे फोटो सांगत नाही. ते BIS Care अ‍ॅपमध्ये Verify HUID वर जाऊन नंबर टाकल्यावर कळतं: सराफाचा नोंदणी क्रमांक, केंद्राचं नाव आणि पत्ता, हॉलमार्क केल्याची तारीख, शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार. फुकट आहे. मिनिटभर लागतो. पण आपण तो मिनिट रील बघण्यात घालवतो, आणि ते योग्यच आहे.

आमच्या वहिनींनी भाचीसाठी घेतलेल्या पाटलीचा फोटो आला तेव्हा त्या तिन्ही खुणा होत्या. नंबर टाकला. अ‍ॅपने नंबर खरा असल्याचं सांगितलं, शुद्धता २२ कॅरेट, केंद्र भलत्याच शहरातलं, आणि दागिन्याचा प्रकार: कानातले. कानातले! समोर २० ग्रॅमची पाटली, आणि नोंद कानातल्यांची. नंबर खरा, दागिना मात्र दुसऱ्याचा. कुणाच्या तरी कानातल्यांचा नंबर उचलून इथे कोरला, बस्स. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, 'अहो काका, अ‍ॅपमध्ये एरर येतो कधीकधी.' एरर येतो म्हणे! पाटलीचं कानातलं होतं, इतकं हुशार एरर मी आजवर पाहिलेलं नाही. 'आमच्याकडे कुणाची तक्रार नाही,' हे त्याचं पुढचं वाक्य. तक्रार कशी असेल, तुमच्या गिऱ्हाइकाने नंबर टाकून बघितलाय कधी? वहिनी म्हणाल्या, 'भाऊजी, जाऊ द्या, दिसायला तर छान आहे.' छान आहे! २० ग्रॅमचे पैसे दिलेत आपण, छान दिसण्याचे नाही!

पाटली मान्यताप्राप्त केंद्रावर नेली. ग्राहकालाही स्वतःचा दागिना तिथे तपासून घेता येतो, चार नगांपर्यंत २०० रुपये आणि वर जीएसटी. निकाल ७५० च्या आसपास, म्हणजे १८ कॅरेट. आता हिशेब मांडा. ९१६ वजा ७५० म्हणजे हजारी १६६. २० ग्रॅमवर ते ३.३२ ग्रॅम शुद्ध सोनं होतं. आजचा भाव तुम्हीच लावा, माझं रक्त आधीच तापलंय.

अर्थात, अ‍ॅपवर सराफाची नोंदणी वेगळी दिसली म्हणजे लगेच बोंब मारायची नाही. डाग घाऊक व्यापाऱ्याने केंद्रात हॉलमार्क करून घेतलेला असू शकतो, मग नोंदणी त्याचीच येते. प्रकार जुळत नाही, कॅरेट जुळत नाही, तिथे मात्र गप्प बसायचं नसतं. आणि सगळं जुळलं तरी फोटो तो फोटोच. एका पाटलीचा नंबर दुसऱ्या पाटलीवर कोरायला कुणाचे हात बांधलेले नसतात. म्हणून शंका आली की केंद्रावरची तपासणीच खरी.

वजन तर हॉलमार्कमध्ये कुठेच नसतं. तरी 'हॉलमार्कचं आहे म्हणजे वजन बरोबर' असं ठासून सांगणारे काका प्रत्येक लग्नात भेटतात.

'दोन ग्रॅमच्या आतला डाग, हॉलमार्कच्या सक्तीतून सवलत आहे,' असं म्हणत बारा ग्रॅमची साखळी विकणाऱ्याशी वाद घालू नका.

पुरे झालं. आता सरळ बोलतो. अरे, लाखांनी पैसे मोजता आणि भाजीवाल्याकडची मेथी उलटीसुलटी करून बघता तेवढंही सोन्याचं बघत नाही? १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचे दागिने विकायला बंदी आहे, आणि तुम्ही नुसत्या ९१६ च्या फोटोवर 'मस्त!' लिहून अंगठा दाखवता. नंबर टाकायला सांगितलं की 'अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं' म्हणे! त्याने घडणावळ लावताना विश्वास दाखवला होता का तुमच्यावर? बिल घ्या. पक्कं बिल, ज्यावर निव्वळ वजन, कॅरेट आणि हॉलमार्किंगचे पैसे वेगळे लिहिलेले असतील. हे पैसे सोन्याच्या नगाला ४५ रुपये आणि जीएसटी एवढेच असतात, त्यावर 'हॉलमार्कमुळे महाग पडतं' असं सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. शुद्धता कमी निघाली तर त्या तुटीमुळे विकलेल्या वजनावर पडणाऱ्या फरकाची दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मागायचा हक्क नियमाने दिला आहे, पण तो बिलावाचून कुणाकडे मागणार? वहिनींकडे बिल नाही. एका चिठोऱ्यावर पेनाने 'पाटली, २० ग्रॅम' एवढंच लिहिलंय, सही नाही, तारीख नाही. आणि हो, यापुढे मला फोटो पाठवायचा असेल तर पैसे पाठवायच्या आधी पाठवा, आणि नंबर वाचता येईल असा पाठवा.