नीटचा कटऑफ: मधोमध उभा असलेला मुलगा

प्रतिक्रिया: "वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचा कटऑफ मनमानीनं ठरत नाही, हा तुमचा लेख वाचला, पटला नाही. कटऑफ २०२३ ला १३७, २०२४ ला १६२, २०२५ ला १४४. माझ्या मुलीला २०२४ ला १५० मिळाले, ती अपात्र. पुढच्या वर्षी भाच्याला तेवढेच मिळाले, तो पात्र. दोघंही खुल्या गटातले. हे आकडे मनाला येतील तसे ठरवतात, दुसरं काय?"

उत्तर: तुमच्या घरात हे किती बोचलं असेल, ते समजतं. पण खुल्या गटासाठी नियमात गुणांचा आकडाच नाही. नियमात आहे ५० वं पर्सेंटाइल. म्हणजे परीक्षा दिलेल्या सगळ्यांना गुणांप्रमाणे रांगेत उभं करायचं आणि मधोमध जो उभा असेल त्याचे गुण वाचायचे. तोच कटऑफ. एकूण ७२० गुणांच्या निम्मे ३६० अशी समजूत अजून पुष्कळ घरांत आहे, तीही चुकीची.

आता गुण बाजूला ठेवून माणसं मोजा. २०२३ ला साधारण २०.४ लाख मुलं बसली, ११.५ लाख पात्र ठरली. २०२४ ला २३.३ लाखांपैकी १३.२ लाख, २०२५ ला २२.१ लाखांपैकी १२.४ लाख. तिन्ही वेळा सुमारे ५६ टक्के! २०२२ ला कटऑफ ११७ वर उतरला होता, तेव्हाही हेच प्रमाण. (५० ऐवजी ५६ का? ओबीसी, एससी, एसटी गटांना ४० वं पर्सेंटाइल पुरतं, म्हणून मधल्या पट्ट्यातली त्यांची मुलं यात मिळतात.)

गुण हलतात ते मुख्यतः पेपरमुळे. २०२४ ला अभ्यासक्रम कापलेला होता, २०२५ ला फिजिक्सनं भल्याभल्यांना रडवलं. मधला मुलगा मधेच राहिला, त्याचे गुण तेवढे घसरले. २०२४ चाच किस्सा बघा. आधी जाहीर झालेला कटऑफ १६४ होता. फिजिक्सच्या एका प्रश्नाची दोन उत्तरं बरोबर धरली होती. सर्वोच्च न्यायालयाने एकच ग्राह्य धरायला लावलं. दुसरं लिहिणाऱ्या चार लाखांहून अधिक मुलांचे ४ गुण गेले, वर १ कापला. सुधारित निकालात कटऑफ १६२ झाला. पेपर तोच, मुलं तीच.

तुमचा राग एका ठिकाणी मात्र रास्त आहे. एखाद्या वर्षी सगळी बॅचच हुशार निघाली, तर ते या पद्धतीला कळत नाही. अर्धी मुलं रेषेखाली राहणारच. आणि पर्सेंटाइल किती ठेवायचं, हे माणसंच ठरवतात. २०२३ च्या नीट-पीजीत, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेत, जागा रिकाम्या राहिल्या, तेव्हा ते थेट शून्यावर आणलं होतं. मनमानी म्हणायचीच तर या ठरवण्याला म्हणा.

दोघांच्या निकालपत्रांवर गुणांशेजारी पर्सेंटाइल छापलेलं असतं. ते ताडून पाहा. मुलीचं पन्नासच्या खाली असेल, भाच्याचं वर. दोघांचे दीडशे गुण सारखे नाहीतच. आणि पात्र ठरलेले बारा-तेरा लाख, एमबीबीएसच्या जागा लाख-सव्वा लाखाच्या आसपास. त्यामुळे १५० गुणांवर सरकारी कॉलेजची आशा भाच्यानंही धरू नये.