एका ओळीची डायरी आणि हद्द झालेला दिवस

रोज एकच ओळ लिहायची, त्यात काय एवढं, असं म्हणून मी डिसेंबर 2020 मध्ये पाच वर्षांची डायरी घेतली. एका तारखेला एक पान, पानावर एकाखाली एक पाच चौकोन, प्रत्येकात नुसतं 20 छापलेलं, पुढचे आकडे आपण टाकायचे. पहिलं वर्ष एकदम मजेत जातं कारण वर काहीच नसतं. दुसऱ्या वर्षापासून पेन उघडलं की वरच्या चौकोनातून आपणच आपल्याकडे बघत असतो.

आणि तो वरचा चौकोन भलताच वाईट. 2021 मध्ये लिहिलंय "उद्यापासून वॉक". 2022 मध्ये मी ते वाचून हसले आणि खाली लिहिलं "उद्यापासून नक्की वॉक". म्हणून आता मी वरच्या ओळींवर लाईटचं बिल ठेवून आधी आजचं लिहिते, मग बिल उचलते, नाहीतर हात आपोआप मागच्या वर्षीचंच उतरवतो.

चुकलेले दिवस नंतर भरायचे असतील तर फोनमधले फोटो आणि पेमेंटची हिस्टरी बघून भरता येतात, मीही भरलेत, पण लगेच कळतं हो. सलग नऊ दिवस एकाच पेनाची शाई, एकाच बाजूला कललेलं अक्षर, आणि नऊपैकी सहा दिवस "विशेष काही नाही". त्यापेक्षा मोकळा चौकोन बरा, तो निदान खोटं तरी बोलत नाही.

आपल्याकडे आणखी एक घोळ म्हणजे डायरी तारखेने चालते आणि घर तिथीने. माझं 10 सप्टेंबरचं पान बघा. 2021 ला गणपती बसले, "21 मोदक, 6 फुटले, उकड कोरडी". 2022 ला विसर्जन होऊन गेलेलं, "मखर माळ्यावर". 2023 ला अधिक श्रावणामुळे गणपती लांबले, त्यामुळे "मखर माळ्यावरून खाली, उंदरांनी एक बाजू खाल्लीये". 2024 ला त्याच तारखेला गौरी आल्या, 2025 ला पितृपक्ष. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण 11 दिवसांनी लहान, म्हणून सण मागे मागे सरकतात आणि अधिक महिना आला की एकदम पुढे उडी मारतात. सरळ एका जागी बसणारी फक्त संक्रांत, 14 नाहीतर 15 जानेवारी, ती बिचारी सूर्याची. म्हणून आता मी गणपतीच्या दिवशी चौकोनाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने मागच्या गणपतीची तारीख टाकते. 31 ऑगस्ट 2022 ला "10 सप्टें. 21 बघ" असं लिहून ठेवलंय, त्या एका "उकड कोरडी"मुळे पुढच्या वेळी पाणी जरा जास्त घेतलं, दोनच फुटले. तिथे नुसतं "मोदक जमले नाहीत, वाईट वाटलं" असतं तर परत सहा फुटले असते.

ही अक्कल आली ती मात्र 11 जुलैच्या पानामुळे.

11 जुलै 2021: "पाऊस. थालीपीठ." 11 जुलै 2022: "हद्द झाली. यांच्याशी आता बोलायचंच नाही." बास. कशाची हद्द, एक अक्षर नाही. 2023 ला मी बिल उचललं आणि थिजलेच. अक्षर बघितलं तर पेन इतकं दाबलेलं की मागच्या 12 जुलैच्या पानावर वळ उठलेत. म्हणजे प्रकरण मोठं होतं. मी यांना विचारलं, "अहो, गेल्या वर्षी आजच्या दिवशी तुम्ही काय केलं होतंत?"

"मी कुठे काय केलं?"

"हद्द केली होतीत. इथे लिहिलंय."

"कसली हद्द ते लिही ना मग! आणि मीच केली कशावरून, तुझी आई आली होती ना जुलैमध्ये?"

आता माझ्या आईला मध्ये आणायचं काही कारण होतं का? त्यावरून जे सुरू झालं ते साडेअकरापर्यंत. झोपताना मी नीट, तपशीलवार लिहिलं: "गेल्या वर्षी भांडण कशावरून झालं यावरून भांडण. विषय सापडला नाही. आई."

2024 ला हे त्या दिवशी न सांगता कोथिंबीर, आलं आणि दूध घेऊन आले, वर गाडी पुसली. मी लिहिलं, "यांना आठवलंय. सांगत नाहीत." डायरी मी कपाटात साड्यांखाली ठेवते, म्हणजे ती कोण वाचतं हेही त्या दिवशी कळलं.

गेल्या जुलैमध्ये चौकोन शेवटचा होता. जेवण झालं, मी पेन घेऊन बसले, हे दारात उभे.

"लिहिलंस?"

"काय लिहू?"

"थालीपीठ लिही," हे म्हणाले, "आणि या वेळी ते कुणी थापलं तेही लिही."